बिलाची शेवटची रक्कम जुळली म्हणजे टेस्ट पास समजायची का?

इतवारीचा_कोडवाला: इतवारीतल्या एका घाऊक स्टेशनरी दुकानासाठी जीएसटी बिलाचं कॅल्क्युलेटर लिहितोय. एकाच बिलात वह्या शून्य टक्के, कंपासपेट्या 5 आणि पेनं 18 टक्के असतात. त्यावर मालक खाली सरसकट शंभर रुपये सूट देतात. प्रत्येक टेस्टमध्ये मी फक्त शेवटची रक्कम तपासतो. एवढं पुरेसं आहे का? पैशांच्या वेगळ्या टेस्ट लिहायची गरज आहे का?

गांधीबाग_कापड: काही गरज नाही. गिऱ्हाईक रुपयात देतं, आपण रुपयात घेतो. कायद्याचं कलम 170 वाचा: 50 पैसे किंवा जास्त असले की पुढचा रुपया, कमी असले की सोडून द्या. प्रत्येक कर रुपयात आणला की पैशांचा प्रश्नच उरत नाही. मी माझ्या मुनिमाला तेच सांगितलंय.

मिहान_टेस्टर: गांधीबाग दादा, कलम बरोबर आहे, पण ते बिलातल्या प्रत्येक आकड्यावर लावलं तर काय होतं ते बघा. पाच रुपयांच्या एका पेनवर सीजीएसटी येतो 45 पैसे आणि एसजीएसटी 45 पैसे. दोन्ही रुपयात आणले तर दोन्ही शून्य, म्हणजे 18 टक्क्यांचा माल बिनकराचा विकला गेला. म्हणून बिलात कर दोन दशांशांपर्यंत ठेवायचा आणि रुपयात फक्त शेवटची रक्कम आणायची. तो फरक "राउंड ऑफ" म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचा. त्या ओळीवर कर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. शेवटची रक्कम तपासणं अजिबात पुरेसं नाही, कारण दोन वेगळ्या चुका तीच रक्कम देतात. तुमचंच बिल घ्या. वह्या 300, कंपासपेट्या 300, पेनं 300, सूट 100. कोणी आधी कर लावला आणि मग सूट वजा केली: 900 अधिक 15 अधिक 54, म्हणजे 969, वजा 100, उरले 869. दुसऱ्या कोणी सगळी सूट वह्यांवर टाकली: 200 अधिक 300 अधिक 300, वर तोच 69 कर, पुन्हा 869. दोन्हीकडे आकडा एकच, पण पहिल्यात विक्री 900 ची दाखवली जाते आणि दुसऱ्यात 800 ची. तुमची टेस्ट या दोघांत फरकच करू शकणार नाही.

सूट ओळींच्या किमतीच्या प्रमाणात वाटली तर प्रत्येकीला 33.33 येतात. तिन्ही मिळून 99.99 झाले, एक पैसा कमी. तो हरवलेला पैसा कुठे जाणार हे आधी ठरवा. मी सगळ्यात मोठ्या ओळीला देते, आणि सारख्या असतील तर पहिलीला. मग वह्या 266.66, बाकी दोन्ही 266.67. कंपासपेट्यांवर अडीच टक्के म्हणजे 6.66675, ते 6.67 झाले, आणि तेवढेच राज्याचे. पेनांवर 24.00 आणि 24.00. बेरीज 861.34, बिल 861, राउंड ऑफ वजा 34 पैसे. टेस्ट अशी:

```python
assert bill.taxable == {0: D("266.66"), 5: D("266.67"), 18: D("266.67")}
assert bill.cgst[5] == bill.sgst[5] == D("6.67")
assert bill.round_off == D("-0.34")
assert bill.total == D("861.00")
```

याच्या जोडीला एक टेस्ट अशी ठेवा की किमती कितीही वाकड्या असोत, वाटलेल्या सुटीची बेरीज पूर्ण 100.00 भरलीच पाहिजे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका याच टेस्टने पकडल्या आहेत.

धंतोली_हिशेब: ताई, हिशेब चोख आहे, पण "प्रमाणात वाटा" हे तुम्ही नियमासारखं मांडताय, ते मला पटत नाही. कलम 15(3) एवढंच म्हणतं की विक्रीच्या आधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली सूट बिलात नोंदलेली असेल तर ती किमतीतून वजा होते. मालकाने खरोखर पेनांवरच शंभर सोडले असतील आणि पेनांच्याच ओळीत लिहिले असतील, तर पेनं 200 ची. कर 36 आणि 15, बिल 851. यात चूक काय? कॅल्क्युलेटरने मालकाचा निर्णय बदलू नये.

मिहान_टेस्टर: ओळीत लिहिली असेल तर मान्य, त्याची टेस्ट वेगळी असायला हवी. पण इथे सूट बिलाच्या खाली सरसकट आहे. ती गुपचूप 18 टक्क्यांवर ढकलली तर कर 61.34 वरून 51 वर येतो, आणि अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला काही नसतं.

धंतोली_हिशेब: सरसकट सुटीला प्रमाण हीच सुरक्षित वाट, हे मीही अशिलांना सांगतो. माझा आक्षेप एवढाच की ती सॉफ्टवेअरने लादू नये, मालकाला निवडू द्यावी.

खामल्याचा_दुकानदार: भाऊ, माझंही असंच होऊन राहिलं. 20 रुपये एमआरपीचा पेन विकला की बिल 20.01 दाखवते. गिऱ्हाईक म्हणते एमआरपीच्या वर काऊन घेता? एक पैसा कोण देते, पण छापलेलं तर दिसते ना जी!

मिहान_टेस्टर: दादा, तुमचा प्रश्न उलटा आहे, तुमच्या किमतीत कर आधीच धरलेला आहे. 20 ला 1.18 ने भागलं की 16.95. त्यावर नऊ टक्के 1.53, दोनदा, एकूण 20.01. मूळ किंमत 16.94 धरली तर कर 1.52 आणि 1.52, एकूण 19.98. दोन दशांशांत पूर्ण 20.00 देणारी किंमतच नाही. मी 16.95 ठेवून राउंड ऑफ वजा 1 पैसा करते, आणि एकूण एमआरपीच्या वर कधीच जाऊ नये अशी टेस्ट लावते.

धंतोली_हिशेब: मी 16.94 आणि 1.53, 1.53 छापणारी बिलंही पाहिली आहेत. बेरीज 20 येते, पण ओळीत नऊ टक्के तपासले तर 1.52 भरतात. मला तुमची रीत बरी वाटते.

इतवारीचा_कोडवाला: 861 चं बिल चालवून पाहिलं, ते आलं. पण 100.20 च्या कंपासपेटीवर सीजीएसटी 2.50 येतोय, हाताने 2.51 येतो. मी `Decimal` वापरतोय, तरी असं का?

मिहान_टेस्टर: `Decimal` ठरलेल्या सवयीने अर्ध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतं. पद्धत स्वतः सांगावी लागते:

```python
round(2.505, 2)                             # 2.5
Decimal("2.505").quantize(Decimal("0.01"))  # 2.50
Decimal("2.505").quantize(Decimal("0.01"),
                          rounding=ROUND_HALF_UP)  # 2.51
```

हाच 100.20 टेस्टमध्ये कायम ठेवा, कारण तो आणखी एक गोष्ट दाखवतो. नागपुरातल्या गिऱ्हाइकाला 2.51 दोनदा, म्हणजे 5.02. तोच माल छिंदवाड्याला पाठवला तर आयजीएसटी 5.01. हा फरक खरा आहे. तो मिटवायला कोणी 5.01 चे 2.51 आणि 2.50 असे तुकडे करतं, पण केंद्राचा आणि राज्याचा वाटा सारखाच हवा, म्हणून टेस्टने ते नापास केलं पाहिजे.

इतवारीचा_कोडवाला: आणि 100.20 च्या दोन ओळी असतील तर? ओळीनुसार सीजीएसटी 5.02, दोन्ही एकत्र करून 5.01.

धंतोली_हिशेब: एकत्र करून लावा. छापील बिलात खाली दरानुसार जो तक्ता येतो, त्यात 200.40 वर अडीच टक्के 5.01 च दिसायला हवेत.

मिहान_टेस्टर: मी ओळीनुसारच करते. उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइसमध्ये प्रत्येक ओळीचा कर वेगळा द्यावा लागतो. शिवाय दोनपैकी एक पेटी परत आली तर क्रेडिट नोटवर नेमके 2.51 उलटवता येतात. एकत्र केलेल्या 5.01 मधून एका पेटीचे किती काढणार?

धंतोली_हिशेब: हे दुकान अजून 5 कोटींच्या खूप खाली असेल तर?

इतवारीचा_कोडवाला: खालीच आहे. पण परत येणारा माल बराच असतो, जूनमध्ये तर रोज. ओळीनुसार करतो आणि तक्त्यात ओळींची बेरीज छापतो. 5.02 का आले असं मुनीम विचारतीलच, तेव्हा हा धागा त्यांना दाखवेन.