‘कसचं कसचं’ : ज्येष्ठांनी कौतुक केलं तर उत्तरात काय लिहावं?

सूचीकार
एका संदर्भग्रंथाची विषयसूची मी केली. पुस्तक छापून आल्यावर आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ संपादक बाईंचा निरोप आला : ‘सूची पाहिली. उपनोंदी इतक्या विचारपूर्वक केलेल्या फार दिवसांनी पाहिल्या. अभिनंदन.’ मी आनंदाच्या भरात लगेच उत्तर पाठवलं : ‘कसचं कसचं मॅडम! माझा आपला खारीचा वाटा. सगळं तुमचंच मार्गदर्शन.’ त्यावर त्यांचं उत्तर आलं : ‘मी तर सूची छापून आल्यावरच पाहिली.’ बस, एवढंच. त्या रागावल्या असतील असं नाही, पण बोलणं तिथेच संपलं आणि मला ते लागून राहिलं आहे. मराठीत अशा वेळी नेमका कोणता शब्द वापरतात? ‘कसचं कसचं’ चुकीचं आहे का?

पाटीपेन्सिल
‘कसचं कसचं’ जरा घरगुती वाटतं. ज्येष्ठांना ‘आपल्या आशीर्वादाने’ लिहावं. ते कधीच चुकत नाही. मी नेहमी तेच लिहितो.

मुद्रितशोधक
पाटीपेन्सिल, ज्यांच्याशी खरोखर आशीर्वादाचं नातं आहे, म्हणजे आजी, गुरुजी, ज्यांच्या आपण पाया पडतो अशी माणसं, त्यांना ‘आपल्या आशीर्वादाने’ शोभतं. कामाच्या निमित्ताने ओळख असलेल्या संपादक बाईंना ते परकं वाटेल. शिवाय त्यांनी उपनोंदींबद्दल लिहिलं आहे. उपनोंदी आशीर्वादाने होत नाहीत, बसून कराव्या लागतात, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सूचीकार ताई, तुमच्या उत्तरातले तीन तुकडे वेगवेगळे बघू या, कारण तिन्हींची अडचण वेगळी आहे.

‘कसचं’ हा मुळात प्रश्न आहे. ‘कसचं कौतुक नि कसचं काय’ असं म्हणतो तेव्हा उत्तर ‘काही नाही’ हेच अपेक्षित असतं. म्हणजे तो नकार आहे. समोरासमोर बोलताना त्या नकाराचा डंख राहत नाही, कारण चेहऱ्यावर हसू असतं, मान किंचित खाली जाते, आवाज मऊ होतो. कागदावर किंवा पडद्यावर यातलं काहीच पोचत नाही, उरतो तो नुसता नकार. त्यांनी विचार करून मत दिलं आणि तुम्ही ते मोडून काढलं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

‘खारीचा वाटा’ हा सेतू बांधणाऱ्या खारीचा. काम पुष्कळांचं असेल आणि त्यात आपला भाग लहान असेल, तेव्हाच तो खरा. सूची तुम्ही एकटीने केलीत. मग ही खार आली कुठून? वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आणि ‘तुमचंच मार्गदर्शन’ तर खोटंच ठरलं. तुम्ही अदबीपोटी लिहिलंत हे त्या जाणतात, पण न केलेल्या कामाचं श्रेय त्यांच्या पदरात पडलं. सरळ माणसाला ते परत करावंच लागतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर म्हणजे ते श्रेय परत करणं आहे, राग नव्हे.

निळीशाई
आमच्या साहेबांना बढती मिळाली आहे. त्यांना ‘अभिनंदन’ म्हणावं की ‘हार्दिक शुभेच्छा’? माझ्या मते लहानाने मोठ्याचं अभिनंदन करू नये.

उंबरठा
निळीशाई, इथे प्रश्न उलटा आहे, ज्येष्ठांनी आपलं अभिनंदन केलं तर काय म्हणायचं हा. पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट इथेही उपयोगी आहे. बढती मिळून गेली आहे, म्हणून ‘अभिनंदन’. शुभेच्छा पुढच्यासाठी असतात. आणि लहानाने मोठ्याचं अभिनंदन करायला काहीच हरकत नाही. दिशा असते ती ‘शाबासकी’ला, ती वरून खाली येते. ‘कौतुक’ही बहुधा वरून खाली येतं. लहान माणूस मोठ्याला ‘मला तुमचं कौतुक वाटतं’ म्हणाला तर काही जणांना ते खटकतं. ‘अभिनंदन’ मात्र दोन्हीकडे चालतं.

रानवारा
मी याहून मोठी चूक केली आहे. माझा एक लेख वाचून आमच्या सरांनी मला चार लोकांसमोर शाबासकी दिली. मी म्हणालो, ‘नाही सर, त्यात खूप चुका राहिल्यात,’ आणि एकेक चूक सांगायलाच लागलो. तारखेची एक, एका नावाची, एका परिच्छेदाच्या क्रमाची. मला वाटत होतं मी प्रामाणिकपणे बोलतोय. सर गप्प झाले. नंतर कळलं की त्यांनी तो लेख आदल्याच दिवशी दोन सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला दिला होता. त्या सहकाऱ्यांच्या देखत मी त्यांची पारख चुकीची ठरवली. चुका सांगायच्याच होत्या, पण दुसऱ्या दिवशी, त्यांच्या खोलीत, दुरुस्त केलेली प्रत हातात घेऊन.

मुद्रितशोधक
रानवारा, तुम्ही दुखती नस दाखवलीत. ज्येष्ठ माणूस कौतुक करतो तेव्हा तो स्वतःचा निवाडाही मांडत असतो. आपल्याला वाटतं आपण स्वतःला कमी लेखतोय, प्रत्यक्षात त्याच्या निवाड्याला खोडतो. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका’ हे वाक्य ज्येष्ठांना म्हणूच नये असं मला वाटतं, ते याच कारणाने. ते बरोबरीच्या मित्राला म्हणावं. ज्येष्ठांना म्हटलं की ‘तुम्ही खोटी स्तुती करताय’ असा आरोप होतो.

शब्दांकडेच पाहिलं तर मार्ग तिथेच सापडतो. ‘अभिनंदन’मध्ये ‘नंद्’ म्हणजे आनंदणं आहे. समोरच्याला आपल्या कामाने आनंद झाला, हे तो कळवतो. मग त्या आनंदाची पोच द्यायची. आणि ‘शाबास’ फारसीतून आला आहे, ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. जो आनंदी राहा म्हणतोय त्याला ‘नाही, माझं चुकलंय’ हे काय उत्तर झालं?

सूचीकार
हे वाचून डोळे उघडले. मग नुसतं ‘धन्यवाद’ पुरेसं होतं का? मला ते कोरडं वाटतं. दुकानातही आपण तेच म्हणतो.

मुद्रितशोधक
कोरडं वाटतं ते वापरून गुळगुळीत झाल्यामुळे. शब्द मोठा आहे. ‘धन्य’ आणि ‘वाद’, म्हणजे ‘आपण धन्य आहात’ हे बोलणं. म्हणून धन्यवाद ‘देतात’. आभाराचं तसं नाही, त्यात ‘भार’ आहे, तो आपण कबूल करतो, म्हणून आभार ‘मानतात’. हल्ली ‘धन्यवाद मानतो’ आणि ‘आभार व्यक्त करतो’ सर्रास दिसतं. माझा हात ते दुरुस्त करायला शिवशिवतो. व्यक्त करायची ती कृतज्ञता. आणि ‘कौतुकासाठी धन्यवाद’ नको, ‘कौतुकाबद्दल’ लिहा. कौतुक होऊन गेलंय, त्याबद्दल आभार आहेत.

तुमच्या प्रसंगात मी ‘मनापासून आभारी आहे’ घेईन. ‘ऋणी आहे’ एवढ्याशा निरोपाला जड होईल. त्यांनी वर्षभर शिकवलं असतं तर ‘ऋणी’ शोभलं असतं.

पण शब्दापेक्षा पुढचं वाक्य महत्त्वाचं. त्यांनी नेमकं ‘उपनोंदी’ म्हटलंय. तुमचं उत्तरही उपनोंदींना भेटलं पाहिजे. तुमच्याकडे उपनोंदींबद्दल सांगण्यासारखं खरं काय आहे?

सूचीकार
आधी ‘पाणी’ या एका नोंदीखाली साठ-सत्तर पृष्ठक्रमांक नुसते ओळीने आले होते. वाचक त्यातून काय शोधणार? म्हणून ते मोडून ‘साठवण’, ‘वाटप’, ‘वाद’ अशा उपनोंदी केल्या. मग दिसलं की ‘वाटप’ आणि ‘वाद’ यांची अर्धी पानं सारखीच आहेत, म्हणून पुन्हा मोडलं. पृष्ठक्रमांक मात्र एका सहकाऱ्याने तपासले.

मुद्रितशोधक
बघा, उत्तर तुमच्याकडे तयार आहे :

‘मॅडम, मनापासून आभारी आहे. उपनोंदींनीच मला सगळ्यात जास्त अडवलं होतं. “पाणी”ची नोंद दोनदा मोडून पुन्हा केली. नेमकं तेच तुमच्या नजरेत भरलं, याचा फार आनंद झाला. पृष्ठक्रमांक सहकाऱ्याने तपासले आहेत, तुमचा निरोप त्यांनाही दाखवते.’

यात नकार नाही. श्रेय वाटलं आहे, पण खरं श्रेय, खऱ्या माणसाला आणि नेमक्या कामाचं. ‘सगळ्यांच्या सहकार्याने’ असं ढोबळ लिहिलं असतं तर कोणालाच काही मिळालं नसतं.

उंबरठा
बाकी सगळं पटलं, पण ‘दोनदा मोडून पुन्हा केली’ हे मला खटकतं. कौतुक झाल्यावर आपले कष्ट सांगणं म्हणजे आणखी कौतुक मागणं वाटतं. मी ‘तुमच्या नजरेत तेच भरलं याचा आनंद झाला’ इथेच थांबले असते.

रानवारा
उंबरठा ताई, मला वाटतं कोण वाचतंय त्यावर आहे. त्या बाई स्वतः संपादक आहेत. त्यांना ‘दोनदा मोडली’ ही बढाई वाटणार नाही, धंद्यातली गोष्ट वाटेल. सूचीच्या कामाशी संबंध नसलेल्या थोरल्या मामांनी कौतुक केलं असतं, तर मीही ते गाळलं असतं.

उंबरठा
हे थोडं पटतं. पण मग एकच तपशील हवा. दुसरा तपशील आला की कैफियत होते.

पाटीपेन्सिल
शेवटी ‘असाच लोभ असावा’ लिहिलं तर? आमच्या वडिलांच्या पत्रांत ‘लोभ असावा, ही विनंती’ हटकून असे.

मुद्रितशोधक
सुंदर आहे ते, आणि पत्राच्या शेवटी आजही शोभतं. चार ओळींच्या निरोपाला ते थोडं जड होईल, पण चूक नाही. एक जपा : लोभ ‘आपला’ म्हटला तर वरही ‘आपण’च हवं. ‘आपण केलेल्या कौतुकाबद्दल तुमचे आभार’ असं वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी दुरुस्त करतो.

निळीशाई
मग समोरासमोर ‘कसचं कसचं’ म्हणायचंच नाही का? माझी आजी म्हणायची आणि ऐकायला फार गोड वाटायचं.

मुद्रितशोधक
आजीचं जरूर ठेवा. माझं म्हणणं लिहिण्यापुरतं आहे. बोलतानाही ‘कसचं कसचं’ म्हणून थांबू नये, ‘पण तुम्हाला आवडलं, बरं वाटलं’ एवढं जोडावं. मग त्यातला नकार मावळतो.

उंबरठा
लिहिण्यातही जवळच्या माणसाला चालतं, माझा थोरला भाऊ आणि मी एकमेकांना सर्रास लिहितो. इथे मी मुद्रितशोधकांशी सहमत नाही.

सूचीकार
एक राहिलंच. आता चार दिवस झाले. पुन्हा लिहू का?

रानवारा
लिहा. पण आधीच्या उत्तराची माफी मागत बसू नका. मी सरांकडे तसं केलं आणि मग त्यांनाच माझी समजूत काढावी लागली.

उंबरठा
मी लिहिलं नसतं. पुढच्या कामाच्या वेळी बोलले असते.

सूचीकार
काल रात्री लिहिलं. ‘मॅडम, त्या दिवशी गडबडीत नीट उत्तर दिलं नाही. मनापासून आभारी आहे. “पाणी”च्या उपनोंदींनी मला सगळ्यात जास्त अडवलं होतं, तुमच्या नजरेत तेच भरलं याचा फार आनंद झाला.’ सहकाऱ्याचं वाक्यही घातलं. ‘दोनदा मोडली’ मात्र गाळलं.

सकाळी त्यांचं उत्तर आलं : ‘“वाटप” आणि “वाद” वेगळे कसे काढलेत? माझ्या एका पुस्तकात तेच अडलंय.’

उंबरठा
आता सांगा ‘दोनदा मोडली’ म्हणून. आता त्यांनी विचारलंय.