सैद्धांतिक चौकट खरंच वापरलीय की नुसती नावं टाकलीत, हे कसं ओळखता?

रानवेल
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. एम.ए.चे लघुप्रबंध तपासायचं काम यंदा माझ्याकडे आहे आणि एका प्रबंधावर अडकलेय. विषय महिला बचत गट आणि सक्षमीकरण, एकाच तालुक्यातले गट, ६० बायकांच्या मुलाखती. दुसरं प्रकरण 'सैद्धांतिक चौकट', ३४ पानांचं. त्यात पुटनम, कोलमन, बोर्द्यू, अमर्त्य सेन, नायला कबीर, आणि शेवटी दोन पानं फुको. लिहिलंय नीट. पण चौथ्या प्रकरणातले तक्ते वाचताना या मंडळींपैकी कोणी तिथे हजर आहे असं वाटत नाही.

आता "वाटत नाही" असं अहवालात लिहिता येत नाही. मुलगी मेहनती आहे, स्वतः गावोगाव फिरलीय, त्यामुळे उगाच झोडपायचं नाही. नेमकं काय तपासावं, कुठून वाचायला घ्यावं?

अक्षरजुळणी
मॅडम, सॉफ्टवेअरमधून काढला का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. सैद्धांतिक प्रकरणातच सगळ्यात जास्त उचलेगिरी सापडते, माझ्या टायपिंगच्या धंद्यात रोज बघतो.

रानवेल
साम्य कमी आहे, तो प्रश्नच नाही. तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलंय. स्वतःच्या शब्दांतलं असूनही कामाचं आहे का, हे विचारतेय.

वऱ्हाडी_गडी
सोपं हाय न मॅडम. पीडीएफ उघडा, Ctrl+F मारा, 'बोर्द्यू' टाका. दुसऱ्या प्रकरणात वीस खेपा अन् चौथ्यात भोपळा, म्हंजे सजावट. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक चाळीस अन् मांडवात पंगत वाढाले चारच, तसं. आमच्या गाईडनं मले असंच पकडलं होतं राजेहो.

बाभूळबन
गडीभाऊंची युक्ती पहिल्या चाळणीला ठीक आहे, पण दोन्ही बाजूंनी फसते. पाचव्या प्रकरणात "यावरून पुटनम यांच्या मतास पुष्टी मिळते" असं वाक्य चिकटवलं की शोध लागतो, वापर मात्र शून्य. उलट नाव एकदाही न घेता सिद्धांतातून आलेला प्रश्न बाईला विचारलेला असतो, आणि तो Ctrl+F ला दिसत नाही.

मी बहिःस्थ परीक्षक म्हणून बरेच प्रबंध वाचलेत. माझा क्रम उलटा असतो. आधी परिशिष्टातली मुलाखत अनुसूची, मग नमुना कसा निवडला ते, मग तक्ते, आणि दुसरं प्रकरण सगळ्यात शेवटी. अनुसूची वाचून हिने कोणता सिद्धांत धरला असेल ते पेन्सिलीने समासात लिहायचं. नंतर दुसरं प्रकरण उघडून जुळतंय का ते बघायचं. आधी दुसरं प्रकरण वाचलं की ती नावं डोक्यात बसतात आणि पुढे सगळीकडे आपल्यालाच ती दिसायला लागतात.

तुमच्या प्रबंधात पुटनम आणि बोर्द्यू शेजारी बसलेत, तिथून सुरू करा. दोघेही 'सामाजिक भांडवल' म्हणतात, पण त्यांचे प्रश्न वेगळे. पुटनमचं इटलीवरचं पुस्तक १९९३ चं. उत्तरेकडची प्रादेशिक सरकारं दक्षिणेपेक्षा बरी का चालतात, याचं उत्तर तो लोकांच्या संघटना, परस्पर विश्वास, एकत्र येण्याची जुनी सवय यांत शोधतो. त्याच्या नजरेने गट बघायचा तर बैठका होतात का, एकमेकींवर भरवसा आहे का, आणि त्यातून गावातली इतर सामाईक कामं पुढे जातात का, हे विचारावं लागेल. बोर्द्यूला हे भांडवल सगळ्यांचं वाटत नाही. ओळखीपाळखी ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्यातून पैसा आणि मान मिळतो, बाकीचे बाहेर राहतात. त्याच्या नजरेने पहिला प्रश्न हा, की गटात कोणाला घेतलंच नाही? भूमिहीन, एकटी राहणारी, हप्ता बुडवेल अशी शंका असलेली बाई कुठे गेली? अध्यक्ष कोणाच्या घरची?

आता नमुना बघा. ६० च्या ६० जणी गटाच्या सदस्य असतील, तर बोर्द्यूचा पहिला प्रश्न या अभ्यासाला विचारताच येत नाही. ३४ पानांत त्याच्यावर कितीही चांगलं लिहिलं असो. हे "वाटणं" नाही, हे अहवालात लिहिता येतं. "नमुन्यात गटाबाहेरील स्त्रिया नाहीत, त्यामुळे प्रकरण २ मधील बोर्द्यू यांची मांडणी या विदेवर तपासता येत नाही."

वऱ्हाडी_गडी
हे माह्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हंजे नाव नाई, नमुना पाहाचा.

बाभूळबन
नमुनाही पाहायचा. नाव तर पाहाच, ते फुकट आहे.

अजून_चालूच_आहे
विषयाला धरून माझंही विचारतो. माझं काम शेतकरी आत्महत्यांवर, पीएचडी. चौकट दुर्खिमची, आत्महत्येवरचं १८९७ चं पुस्तक, त्यातले आत्महत्येचे चारही प्रकार लिहिलेत. १२ कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती आहेत आणि प्रत्येक घटनेसमोर प्रकार लिहिलाय, ही 'अ‍ॅनॉमिक', ती 'अहंवादी'. हे वापरणंच झालं ना?

बाभूळबन
माफ करा, पण ही चिठ्ठी चिकटवणं झालं. दुर्खिमचा प्रश्न एका माणसाने का केलं हा नव्हता. एका समूहात प्रमाण जास्त आणि दुसऱ्यात कमी का, हा होता. म्हणून त्याने प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, विवाहित आणि अविवाहित अशा समूहांची तुलना केली. १२ घरांतून प्रमाण निघत नाही. तुमच्या मुलाखतींना दुसरी चौकट शोभेल. दुर्खिम ठेवायचाच असेल तर तुलना करता येतील असे समूह लागतील.

अजून_चालूच_आहे
गाईड म्हणतात दुर्खिम नसेल तर परीक्षक विचारतील. आणि विदा गोळा झाल्यावर चौकट बदलली तर ते प्रामाणिक राहील का?

बाभूळबन
विदा बघून चौकट बदलली आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं, तर माझी हरकत नाही. लपवली तर आहे. पण यावर आमच्यातच एकमत नाही. माझे एक जुने सहकारी नंतर आलेली चौकट मान्यच करत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपल्या तक्त्यांना शोभेल असा सिद्धांत नंतर शोधला तर तो चुकूच शकत नाही.

गटवाली_ताई
मी गावात उमेद अभियानाची सीआरपी आहे, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, प्रबंधाचं मला कळत नाही. पण वर 'विश्वास' वाचलं म्हणून लिहिते. हप्ता वेळेवर येतो म्हणजे सगळं छान, असं रजिस्टर बघून वाटतं. आमच्याकडे जूनमध्ये कर्ज उचललं की ते बियाण्यात आणि खतात जातं. हप्ता बाई निंदणाच्या, नंतर कापूस वेचणीच्या मजुरीतून भरते. कुठे एका फायनान्सचं उचलून दुसऱ्याचं भरते. तिला विचाराल आत्मविश्वास वाढला का, तर हो म्हणेल. नाही कशाला म्हणेल?

रानवेल
ताई, तुम्ही म्हणताय तेच मला टोचत होतं. तक्ता ४.९ मध्ये नेमका हाच प्रश्न आहे, 'आत्मविश्वास वाढला का', होय किंवा नाही, आणि निष्कर्ष त्याच्यावरच उभा आहे.

बाभूळबन सर, तुमच्या क्रमाने परिशिष्ट आधी वाचलं. प्रश्न १७, "कर्ज कशासाठी वापरायचं हे कोणी ठरवलं?" प्रश्न १८, "हप्ता कशातून भरता?" दोन्ही विचारलेत, उत्तरंही भरलीत. तक्ते मात्र सुटे, एक इकडे एक तिकडे, खाली टक्केवारीचं एक वाक्य आणि पुढे.

बाभूळबन
म्हणजे या मुलीकडे चौकट आहे, तिलाच ती सापडलेली नाही. हे दोन प्रश्न सरळ नायला कबीर यांच्या मांडणीतले. त्यांचा १९९९ चा लेख आहे. संसाधन हातात येणं, त्यावर आपला निर्णय चालणं आणि त्यातून काही साधणं, या तिन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय सक्षमीकरण म्हणू नये, असं त्या सांगतात. कर्ज मिळालं हा फक्त पहिला तुकडा.

तिला सांगा, १७ आणि १८ एकाच तक्त्यात आडवे-उभे मांड. एका बाजूला निर्णय बाईचा की दुसऱ्याचा, दुसऱ्या बाजूला फेड तिच्या मजुरीतून की घरच्या इतर उत्पन्नातून. चार घरं होतील. 'ठरवलं दुसऱ्याने, फेडते ती' या घरात किती जणी पडतात ते बघ. मग त्याच जणींची ४.९ मधली उत्तरं काढ. त्यांनीही बहुतेक 'होय' म्हटलं असेल, तर ४.९ हा प्रश्न सक्षमीकरण मोजत नाही आणि तिचा मुख्य निष्कर्ष हलतो. तिथे 'नाही' जास्त आले, तर तो प्रश्न काहीतरी पकडतोय असं म्हणता येईल. दोन्ही होऊ शकतं, आधीपासून ठरलेलं नाही. चौकट वापरली म्हणजे हेच, की तिच्यामुळे तुमचा एखादा निष्कर्ष पडू शकतो. फक्त ६० जणी चार घरांत वाटल्या की एकेका घरात थोड्याच उरतील. म्हणून टक्केवारी न छापता संख्या छापा, आणि मोठा दावा नको.

गटवाली_ताई
मुलाखत घेताना शेजारी कोण बसलं होतं? सासू असेल तर १७ चं उत्तर वेगळं येतं. आणि "दोघांनी मिळून ठरवलं" म्हणणारी कोणत्या घरात टाकणार?

बाभूळबन
ताई, हा प्रश्न परीक्षकाने विचारायला हवा होता. 'दोघांनी' साठी निर्णयाच्या बाजूला तिसरी ओळ करा, म्हणजे सहा घरं होतील, जबरदस्तीने चारात कोंबू नका. शेजारी सासू होती का याची नोंद विदेत नसेल तर ती मर्यादा म्हणून लिहावी लागेल.

रानवेल
अहवालाचा मसुदा असा करतेय: "प्रकरण २ मधील कबीर यांची मांडणी प्रश्न १७ व १८ मध्ये उतरली आहे, परंतु विश्लेषणात वापरलेली नाही. दोन्ही प्रश्नांचा एकत्रित तक्ता देऊन तक्ता ४.९ वरील निष्कर्ष पुन्हा तपासावा. बोर्द्यू यांची मांडणी नमुन्यामुळे तपासता येत नाही, ती वगळावी अथवा मर्यादेत नोंदवावी." पुटनमबद्दल अजून ठरत नाही. बैठकांच्या हजेरीचा एक प्रश्न आहे, पण गावातल्या इतर कामांचा एकही नाही.

वऱ्हाडी_गडी
अन् फुको? त्याले तर काढाच. दोन पानांत कोणता फुको मावते?

बाभूळबन
काढा असं लगेच म्हणणार नाही. सत्ता माणसांवर नजर आणि नोंदी ठेवून शिस्त कशी लावते, हे फुको सांगतो. गटाची पंचसूत्री, म्हणजे बैठक, बचत, कर्ज, फेड आणि नोंदींचे नियम, दर बैठकीची हजेरी, गटाची श्रेणी ठरवणं, यात त्याला बोलायला बरंच आहे. पण त्यासाठी तिच्याकडे काही सामग्री आहे का? रजिस्टरं बघितली का तिने?

रानवेल
परिशिष्टात रजिस्टरच्या तीन पानांचे फोटो आहेत. मजकुरात त्यांचा उल्लेख कुठेच नाही.

बाभूळबन
मग मौखिकीत तिला विचारा, ते रजिस्टर कोण लिहितं आणि कोणाला दाखवायला लिहितं. उत्तर देता आलं तर दोन पानांची चार करायला सांगा. नाही आलं तर गडीभाऊंचं ऐका.