गंजून घरातच अडकलेला टॉवर बोल्ट: तुम्ही कसा सोडवलात?

जुनादरवाजा
आमच्या दोन झडपांच्या लाकडी दाराची डावी झडप कायम बंद असते. आता मोठं कपाट आत आणायचंय आणि तिचा वरचा टॉवर बोल्ट हलायला तयार नाही. दांडा चौकटीवरच्या घरात गेलाय तो तिथेच बसलाय. दार आतल्या बाजूला उघडतं. असा बोल्ट कोणी सोडवला असेल तर काय केलंत ते सविस्तर लिहा.

मीठभाकर
रॉकेल. कापसाचा बोळा भिजवून लावून ठेवायचा, सकाळी बोल्ट आपोआप सुटतो. आमच्याकडे हेच करतात. नसेल तर खोबरेल तेलही चालतं.

रंधा_पटाशी
रॉकेल पातळ असतं, फटीत झिरपतं, तेवढं बरोबर. पण आपोआप काही सुटत नाही, गंजाची पकड ठोकून मोडावीच लागते. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि वर धूळ धरून बसतं.

त्याआधी दांडा गंजलाय की नुसता दाबाखाली आहे ते बघा. मूठ धरून दांडा डावीउजवीकडे फिरवा. फिरतोय पण खाली येत नाही, तर गंज फारसा नाही. झडप बिजागरीवर लोंबलीय आणि दांडा घराच्या एका कडेवर दाबला जातोय. तसं असेल तर झडपेखाली पहार किंवा लाकडी पाचर घालून कोणीतरी ती जरा उचलायची, दुसऱ्याने त्याच वेळी मूठ ओढायची. उचलून जमलं नाही तर झडप चौकटीकडे ढकलून बघा, मग आपल्याकडे ओढून. कुठल्या तरी एका जागी दांडा मोकळा होतो. फिरतही नसेल तर मात्र गंजच.

जुनादरवाजा
फिरत नाही. अजिबात. मूठ जोरात वळवली तर तीच तुटेल असं वाटतंय.

रंधा_पटाशी
मुठीवर जोर नकोच. ती दांड्यात आटे पाडून किंवा रिव्हेट करून बसवलेली असते, आधी तीच जाते. गंज सोडवणारा स्प्रे वापरा, पण वरच्या बोल्टला नुसता मारलात तर सगळा खाली ओघळेल. घराच्या तोंडाशी दांड्याभोवती चिंधी गुंडाळा, ती भिजवा आणि रात्रभर राहू द्या. मग ग्रिप प्लायरने दांडाच पकडा आणि ओढण्याऐवजी आधी फिरवायला बघा. केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्येमध्ये घरावर बाजूने हलके ठोके. तांबूस भुकटी गळायला लागली की समजा, गंज सुटतोय. आणि स्प्रे मारल्यावर बर्नर किंवा मेणबत्ती जवळ आणू नका, तो पेट घेतो.

निवांत
माझ्या कुलपाची चावी आत फिरत नाही, त्यालाही हाच स्प्रे चालेल का?

मीठभाकर
कुलपाचा वेगळा धागा काढा हो.

उंबरठा
एवढी मारामारी कशाला? दार आत उघडतं आणि घर चौकटीच्या आतल्या अंगावर स्क्रूने बसवलंय ना? मग दार बंद असतानाही ते स्क्रू समोरच दिसतात. ते काढा. झडप घरासकट उघडेल, घर दांड्याला लटकलेलं राहील. मग खाली बसून निवांत सोडवा.

माझ्या दाराचे स्क्रूही गंजलेले होते आणि खाचांत रंग भरलेला होता. टोकदार खिळ्याने खाच पार तळापर्यंत साफ केली. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याच्या मुठीवर हातोडीचा एक ठोका दिला आणि स्क्रू आधी किंचित आवळला. 'कट्' आवाज आला की उलटा फिरवायचा. एका स्क्रूची खाच गेली, त्याचं डोकं ड्रिलने उडवलं आणि उरलेला दांडा नंतर पकडीने काढला. घर हातात आल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, गंज बराच उतरला. नंतर धुऊन लगेच पुसून कोरडं केलं, नाहीतर पुन्हा गंज धरतो.

रंधा_पटाशी
हे माझ्या उपायापेक्षा सरळ. मात्र दार बाहेर उघडणारं असेल किंवा दांडा थेट चौकटीच्या भोकात जात असेल, तर हे जमणार नाही. तिथे झडपेवरचे स्क्रू काढून बोल्टच सोडवावा लागतो.

जुनादरवाजा
उंबरठा, घराचे स्क्रू दिसतायत! दोन निघाले. तिसऱ्याच्या खाचेत रंग आहे, खिळ्याने खरवडतोय.

कोपऱ्यातली
माझा खालचा बोल्ट आहे. दांडा फरशीतल्या भोकात रुतलाय, तिथे काढायला स्क्रूच नाहीत. पुसायचं पाणी आणि माती आत जाऊन घट्ट बसलीय, तेल ओतलं तर वरच तरंगतं. हॅक्सॉच्या पात्याने फरशीलगत दांडा कापायचा विचार आहे. कोणी कापलाय का?

उंबरठा
आधी माती कोरून काढा, बारीक वाकवलेल्या तारेने. कापायचा निर्णय नंतर.

मीठभाकर
मी तर म्हणतो कापाच. आतला तुकडा भोकात राहिला तर मात्र नवा बोल्ट जरा बाजूला सरकवून लावावा लागेल.