मदत हवी आहे: इतिहास वैकल्पिक पेपर १ मध्ये वेळ कसा वाटता?

मराठी माध्यमातून यूपीएससी मुख्य परीक्षेची तयारी करतेय. पेपर ३ तासांचा, २५० गुणांचा. हिशेबाने ५० गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं येतात. कागदावर ठीक आहे, पण सगळी गडबड नकाशाच्या पहिल्या प्रश्नात होते.

२० स्थळं, प्रत्येकी अडीच गुण, साधारण ३० शब्दांची टीप. म्हणजे एका स्थळाला दीड मिनिट धरलं तर अर्ध्या तासात सुटायला हवं. पण इनामगाव आलं की पाच खोल्यांचं घर, कलशातलं दफन, सगळंच लिहावंसं वाटतं! ओळखू न आलेल्या स्थळावर घुटमळणं वेगळंच. मग शेवटचा २० गुणांचा प्रश्न, समजा चोळांची ग्रामसभा, सात-आठ मिनिटांत उरकावा लागतो. उत्तरमेरूरच्या लेखातली कुडवोलाई पद्धत कशीबशी येते, तिच्या मर्यादांवर एक ओळही होत नाही. गुण तर तिथेच असतात.

आता असं ठरवतेय: नकाशा ३० मिनिटं, पाचवा प्रश्न ३५, उरलेल्या तीन प्रश्नांना प्रत्येकी ३७ (२० गुणांना १५, १५ गुणांच्या दोन्हींना ११-११). चार मिनिटं हाताशी.

ज्यांनी हा पेपर दिलाय त्यांनी सांगा: नकाशा आधी सोडवलात की दोन मोठे प्रश्न झाल्यावर? आणि न ओळखलेली स्थळं लगेच सोडून देता, की अंदाजाने काहीतरी लिहिता?