डिप्लोमा फिल्मचं बजेट: राखीव रक्कम शूटच्या आधीच संपतेय, मदत हवी आहे

गॅलरी_नं_३
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाची १८ मिनिटांची फिल्म करतेय. गोष्ट गिरगावातल्या चाळीतल्या एका खोलीत घडते, फक्त शेवटी आजी खाली रस्त्यावर येते. शूट ४ दिवस, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. हातात १,८०,००० रुपये आहेत, त्यातले निम्मे बाबांनी दिलेत.

माझा हिशेब असा: कॅमेरा, लेन्स आणि लाइट मिळून रोजचे १६,००० म्हणजे ६४,०००. लोकेशन १८,०००, जेवण-प्रवास ४०,०००, आर्ट १५,०००, साउंड आणि एडिट २५,०००. उरलेले १८,००० राखीव, म्हणजे बरोबर १० टक्के. सर म्हणतात एवढे हवेतच. पण काल कोटेशन पुन्हा वाचलं तर तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी, अटेंडंट व टेम्पो वेगळे' असं होतं. शिवाय आजी स्वयंपाक करताना रेडिओवर एक जुनं सिनेमातलं गाणं ४० सेकंद वाजतं, त्याचे पैसे मी धरलेलेच नाहीत. कुठे कापू?

तिसरी_घंटा
गाण्याचं सोपं आहे. आम्ही एकांकिकेत गाणं वाजवलं तेव्हा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन्स काढलं होतं. तेच काढ. आणि ३० सेकंदांच्या आत ठेवलंस तर तेही लागत नाही.

पडद्यामागचा
घंटा, तुमचं लायसन्स नाटकासाठी योग्य होतं, कारण तिथे गाणं लोकांसमोर वाजवायचं होतं. चित्रासोबत गाणं कायमचं जोडायचं तर परवानगी वेगळी. रेकॉर्डिंग ज्या कंपनीकडे आहे तिची लागते, आणि शब्द-चाल ज्यांच्याकडे आहे त्यांचीही. सिनेमाच्या गाण्यांत बहुतेकदा दोन्ही एकाच कंपनीकडे असतात, पण हे लेखी विचारून घ्यायचं. ३० सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. फक्त महोत्सवांपुरती परवानगी स्वस्तात मिळू शकते, पण मग फिल्म यूट्यूबवर टाकता येणार नाही.

गॅलरी, आता तुझा हिशेब. ६४,००० वर १८ टक्के जीएसटी ११,५२०. अटेंडंट किती आणि टेम्पोचं काय सांगितलंय?

गॅलरी_नं_३
तीन अटेंडंट, प्रत्येकी रोजचे १,५००. टेम्पो रोज ३,५००.

पडद्यामागचा
म्हणजे अटेंडंट १८,०००, टेम्पो १४,०००. जीएसटी धरून ४३,५२० रुपये तू लिहिलेच नव्हतेस. १८,००० राखीव जाऊनही २५,५२० कमी पडतात. टेम्पो लागणार हे आजच ठाऊक आहे, मग तो राखीवमधून कशाला? राखीव ठेवायची ती पावसाने दिवस वाया गेला, फिल्टर फुटला किंवा शिफ्ट लांबली तर. आमच्या फिल्मच्या वेळी पॅकअपला रात्रीचे दोन वाजले, सामान सकाळी परत केलं आणि एक दिवसाचं भाडं जादा भरावं लागलं. शिफ्ट किती तासांची, परत करायची वेळ कोणती, हे कोटेशनवरच लिहून घे.

माझं मत, चौथा दिवस काढ. तीन दिवसांचं सामान सगळं धरून ८०,६४० होतं, जेवण-प्रवास ३०,०००. बाकीचं तसंच ठेवलंस तर ११,३६० उरतात. खर्चाच्या १० टक्के म्हणजे जवळपास १७,००० हवेत, तेवढे नाहीतच. पण जे उरतात ते खरोखर हातात राहतात.

नळबाजार_ते_नरिमन
लोकेशनवर १८,००० कशाला? छोटं युनिट आणि हातात कॅमेरा असला की परवानगी लागत नाही. आम्ही रस्त्यावर कितीदा शूट केलंय, कोणी हटकलं नाही.

पडद्यामागचा
कोणी हटकलं नाही म्हणजे परवानगी लागत नाही असं होत नाही. खोलीसाठी मालकाचं आणि चाळ कमिटीचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या, कारण गॅलरी सगळ्यांची असते. रस्त्यासाठी चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथे कॉलेजचं पत्र जोडून अर्ज करा. स्टेशन किंवा लोकल असेल तर रेल्वेकडे वेगळा अर्ज.

शांता_माय
माझा मुलगाही या क्षेत्रात आहे, म्हणून वाचत होते. रेडिओच हवा का? आजी कामात असते तेव्हा स्वतःच गुणगुणते. आमच्या घरी सासूबाई डाळ निवडताना जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या.

पडद्यामागचा
हे उत्तम. पारंपरिक ओवीवर कोणाचा हक्क नसतो. मात्र कोणाचं जुनं रेकॉर्डिंग उचलू नका, नव्याने गाऊन घ्या आणि गाणाऱ्या बाईंची लेखी संमती ठेवा.

गॅलरी_नं_३
शांता माय, तुमचे मनापासून आभार. आत्याला आत्ताच फोन केला. तिला आईकडून ऐकलेल्या तीन ओव्या आठवतात, रविवारी रेकॉर्ड करतोय. तीन दिवसांचं वेळापत्रकही बसलं, फक्त सकाळी ६ ला सुरुवात करावी लागेल.

रस्त्याचा शॉट अडलाय. आजी गर्दीत मिसळते तो क्षण खालून, तिच्या खांद्याजवळून घ्यायचा होता. गॅलरीतून वरूनच घेतला तर रस्त्यावर सामान मांडावं लागत नाही, पण तिचा चेहरा दिसत नाही. तोपर्यंत अर्ज करून ठेवतेय. असा अर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागले, कोणाला अनुभव आहे का?