जुनं सिम बंद, पण फोनमध्ये खातं उघडं: नंबर बदलल्याचे अनुभव

निशिगंध
सासूबाईंचं सिम रिचार्जअभावी बंद पडलं आणि घरात कुणाला पत्ताच लागला नाही, कारण वायफायवर त्यांचं व्हॉट्सॲप बिनबोभाट चालू होतं. रोजचे सुप्रभात, भजनी मंडळाचे निरोप, सगळं सुरळीत. मावशींचा साधा फोन लागेना, तेव्हा उलगडा झाला. तो नंबर काही आता परत मिळत नाही. नवीन सिम आणलंय. भजनी मंडळाच्या ग्रुपच्या त्या एकट्याच ॲडमिन आहेत आणि मामंजींचे जुने आवाजी निरोप त्याच फोनमध्ये आहेत, म्हणून कुणालाच काही दाबायचं धाडस होत नाहीये. जुन्या नंबरवर ओटीपी मागितला तर संपलंच ना?
जुना नंबर मेलेला, पण फोन किंवा लॅपटॉपवर खातं उघडं, अशा अवस्थेत ज्यांनी नंबर बदललाय त्यांनी अनुभव लिहा. टेलिग्रामचेही चालतील. रिचार्ज वेळेवर करावं, हे कृपया सांगू नका. ते घरात सगळ्यांचं सांगून झालंय.

रानजाई
जुन्या नंबरवर काहीही येत नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं, म्हणून ठामपणे सांगते.
व्हॉट्सॲपमध्ये Settings, त्यात Account, त्यात Change number. पुढे गेलात की दोन खाने येतात. वरच्यात जुना नंबर फक्त टाइप करायचा, खालच्यात नवा. पडताळणीचा सहा आकडी कोड नव्या नंबरवर येतो. जुन्या नंबरची खात्री ॲप स्वतःपुरती करतं, म्हणजे तुम्ही वर लिहिलेला नंबर या फोनमध्ये चालू असलेल्या खात्याचाच आहे ना, एवढंच बघतं. नवं सिम त्याच फोनमध्ये असायलाही हवं असं नाही. आईच्या वेळी ते बाबांच्या बटणवाल्या फोनमध्ये होतं. तिथे मेसेज आला, आम्ही इकडे आकडे टाकले.
मधे एक पडदा येतो, नंबर बदलल्याचं ओळखीच्यांना कळवू का म्हणून. सगळ्यांना, ज्यांच्याशी बोलणं झालंय त्यांना, की निवडक लोकांना, हे तुमच्यावर. ग्रुपमध्ये मात्र न विचारता ओळ पडते की यांनी नंबर बदलला. आईची चॅट, फोटो, ग्रुप जागच्या जागी राहिले, ॲडमिनपदही. तेव्हा भजनी मंडळ सुरक्षित आहे.

दोहाकर
माझा भारतातला नंबर इथे आल्यावर बंद पडला, व्हॉट्सॲप मात्र त्याच नंबरावर चालू. शेवटी कतारच्या नंबरावर नेलं. जुन्या खान्यात +91 आणि नव्यात +974, एवढं देशाचं बघून घ्या, बाकी वर लिहिलंय तसंच.
पण घाई करायची गरज नाही हो. बंद झालेला नंबर 90 दिवस कुणाला देत नाहीत. शिवाय टू-स्टेपचा पिन लावून ठेवला की नवा मालक आला तरी खात्यात शिरू शकत नाही. मी तर पिन लावून निवांत होतो, सवडीने बदललं.

दुकानदार इचल
दोहाकर साहेब, निम्मं बरोबर हाय. माझं मोबाइलचं दुकान हाय, ह्या भानगडी रोजच्या.
लोक दोन 90 एकात मिसळत्यात. पहिले 90 दिवस असे, की प्रीपेड नंबर सलग तेवढे दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकती. खात्यात 20 रुपये शिल्लक असली तर तेवढे कापून अजून 30 दिवस ठेवत्यात. दुसरे 90 दिवस बंद झाल्यानंतरचे, त्यात तो नव्या गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. आता मला सांगा, नंबर नक्की कुठल्या तारखेला बंद पडला हे वायफायवाल्याला कसं कळणार? निशिगंध ताईंच्या घरीच बघा की. मोजायचं कुठनं? तेवा निवांत बसायचं नाही.
आता पिनचं. पिन लावावाच, पण त्यानं काय होतं आणि काय नाही ते ऐका. नव्या मालकानं तुमच्या जुन्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडलं आणि त्याला आलेला कोड त्यानं टाकला, की तुमचा फोन त्याच क्षणी बाहेर. पिन त्याला माहीत नसला तरी बाहेर! पिन फक्त त्याला आत यायला 7 दिवस थांबवतो. त्याला तुमच्या जुन्या चॅट दिसत नाहीत, त्या तुमच्या फोनमध्ये असत्यात. पण नंबर त्याचा, ग्रुपात नाव त्याच नंबराचं. आणि तुम्हाला परत शिरायला कोड लागतो, तो जाणार त्याच्याकडं. मग Change number करायला तुमच्याकडं उघडं खातंच उरत नाही.
माझ्याकडं एक शिक्षक आले होते, अगदी हेच. सकाळी फोन उघडला तर पडद्यावर निरोप, हा नंबर आता ह्या फोनवर नोंदलेला नाही. शाळेचे सगळे ग्रुप त्या नंबरावर. एक दिवस आधी आले असते तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. नव्या नंबरानं नवं खातं काढून दिलं, आणि एकेका ग्रुपात परत घ्या म्हणून विनवण्या करत बसले बिचारे.

दोहाकर
पिनचं हे माहीत नव्हतं. मला वाटायचं पिन विचारला की गाडी तिथेच अडते आणि आपण आत राहतो.

भाऊसाहेब
माझाही नंबर बदलायचा आहे. आधारला जुना बंद नंबर जोडलेला आहे, पण माझ्या मोबाइलमध्ये आधारचे ॲप उघडे आहे. त्यातून वर सांगितल्याप्रमाणे दोन खाने भरून होईल काय? बँकेचे ॲपही उघडे आहे.

रानजाई
भाऊसाहेब, तो प्रकार निराळा. व्हॉट्सॲपला उघडा फोन हाच पुरावा चालतो, आधारला माणूस लागतो. आधार केंद्रावर जा, बोटांचे ठसे किंवा चेहरा जुळवून नवा नंबर घालून देतात. जुन्या नंबरवरचा ओटीपी तिथेही लागत नाही. बँकेसाठी सरळ शाखेत अर्ज करा. बँकेचं ॲप उघडं आहे म्हणून आत काही बदलायला गेलात तर ओटीपी बहुधा जुन्याच नंबरवर जाईल.

भाऊसाहेब
आभारी आहे. शाखेत एक बाई फार चांगल्या आहेत, त्यांनाच विचारतो.

अभ्यासिका
माझा अनुभव टेलिग्रामचा. पुण्यात एमपीएससीची तयारी करते, नोट्सचे सगळे चॅनल तिथेच. फोन बसमध्ये गेला, सिम वडिलांच्या ऑफिसच्या नावावरचं होतं आणि तो जोडच त्यांनी बंद केला होता. म्हणजे फोनही नाही, नंबरही नाही. उरला फक्त लॅपटॉप, त्यावर टेलिग्राम उघडं.
नवीन फोनवर टेलिग्राम घेतलं आणि मेलेलाच नंबर टाकला. मैत्रिणी हसल्या, पण टेलिग्राम लॉगिनचा कोड आधी तुमच्या उघड्या ॲपमध्ये पाठवतं. लॅपटॉपवर Telegram नावाची निळी खूण असलेली जी चॅट असते, तिथे कोड आला. तो टाकला, मग टू-स्टेपचा पासवर्ड विचारला, तो पाठ होता, आणि फोनवर खातं उघडलं.
मग लगेच नंबर बदलायला गेले तर नकार. नुकतंच लॉगिन केलेल्या फोनवरून नंबर बदलता येत नाही, निदान 24 तास थांबावं लागतं. सर्वांत घाबरले मी तिथे, आणि काहीतरी चुकलं म्हणून सगळं लॉगआउट करायच्या बेतात होते. भावाने अडवलं. थांबल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेटिंगमध्ये माझ्या नंबरावर टिचकी मारली, Change Number आलं, नवा नंबर टाकला, कोड नव्यावर आला. झालं.
ज्यांचा फक्त लॅपटॉप उरलाय त्यांनी तो लॉगआउट करू नका आणि पासवर्ड आठवून ठेवा. आणि नव्या नंबरावर आधीच टेलिग्राम खातं असेल तर तो नंबर घेत नाही, आधी ते खातं काढून टाकावं लागतं.

वाटसरू
हे लॅपटॉपवालं व्हॉट्सॲपलाही चालेल का? माझा फोन पाण्यात गेला, सिमही कंपनीने बंद केलंय. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप अजून उघडं आहे, निरोप येतात-जातात. त्यात सेटिंग आहे, पण Change number कुठेच सापडत नाही.

दुकानदार इचल
सापडायचं नाही. व्हॉट्सॲपमध्ये मुख्य फोन लागतो, लॅपटॉप हे जोडलेलं उपकरण. नंबर बदलणं मुख्य फोनवरच. आणि मुख्य फोन 14 दिवस वापरात नसला की जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडत्यात. तेवा आज पहिलं काम, लॅपटॉपवरनं महत्त्वाच्या लोकांना नवा नंबर कळवा आणि ग्रुपांत दुसरा कुणीतरी ॲडमिन करून घ्या. दुसरं, कंपनीच्या दुकानात जाऊन तोच नंबर परत चालू होतोय का विचारा. बंद पडून थोडे दिवसच झाले असले तर होतं कधी कधी. सिम मिळालं की नव्या फोनवर जुन्याच नंबरानं उघडा, आणि मग लगेच बदला.

वाटसरू
सिम माझ्या नावावर नाही. जुन्या खोलीतल्या मित्राच्या नावावर घेतलेलं, तो आता संपर्कात नाही.

दुकानदार इचल
मग डुप्लिकेट सिम तुम्हाला कुणी देणार नाही, आणि द्यायलाही नको. तो मित्र शोधा.

दोहाकर
नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढलाय, तो वाचलात का? ज्या सिमवर खातं काढलं ते सिम त्या फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावं, आणि लॅपटॉपवरचं खातं सहा तासांच्या आत बाहेर पडावं, असं. हे पूर्ण लागू झालं तर या धाग्यातले निम्मे अनुभव इतिहासजमा होतील. परदेशातल्या आम्हा लोकांचं काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

रानजाई
निशिगंध, एक राहिलं. नंबर बदलल्यावर लगेच गूगल ड्राइव्हवर नवा बॅकअप घ्या. बॅकअप नंबराला आणि गूगल खात्याला बांधलेला असतो, जुन्या नंबराचा बॅकअप नव्यावर उतरत नाही. आणि सासूबाईंना नवा हँडसेटही घ्यायचा असेल तर आधी जुन्या फोनवर नंबर बदला, बॅकअप घ्या, मगच नवा फोन उघडा. उलट क्रमाने गेलात तर नवा फोन जुन्या नंबराचा कोड मागेल.

निशिगंध
नवा हँडसेट नणंदेने आधीच पाठवलाय, पण अजून खोक्यातच आहे. तो तसाच राहू दे. आज दुपारी आधी नंबर बदलते. एक शंका आहे: त्यांच्या फोनमध्ये टू-स्टेपचा पिन कुणीतरी कधीतरी लावलाय, कुणी ते आठवत नाही. दीर म्हणतात मी नाही, सासूबाई म्हणतात त्यांनीच. नंबर बदलताना तो विचारेल का?

दुकानदार इचल
बदलायच्या आधी Account मधलं Two-step verification उघडा. खातं उघडं असताना तिथनं पिन नवा करता येतो, जुना माहीत नसला तरी. वहीत लिहून ठिवा. आणि दिरांना वही दाखवू नका.