मदत हवी आहे : अमेरिकेच्या पे स्टबवरील YTD रकाना भारताच्या विवरणपत्रात कसा धरावा?

धागाकर्ता : नमस्कार. मी ९ नोव्हेंबर २०२४ रोजी नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत आलो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात माझे भारतातील दिवस १८२ हून बरेच जास्त भरत असल्याने मी निवासी ठरतो आणि इथला पगारही तिकडे दाखवावा लागतो, इथवर मला समजले आहे. मला दर दोन आठवड्यांनी ४,००० डॉलर ढोबळ पगार मिळतो आणि २१ मार्च २०२५ पर्यंत असे नऊ पगार झाले, म्हणजे ३६,००० डॉलर. परंतु त्या दिवशीच्या स्टबवर YTD Gross मात्र २४,००० दिसते. कंपनीची चूक आहे का? शिवाय Fed Withholding, OASDI आणि Medicare या तिन्ही कपातींचे क्रेडिट भारतात मिळेल का?

आखाती : मी बारा वर्षे दुबईत आहे, तिथला पगार भारतात कधीच दाखवला नाही. तुम्ही उगाच काळजी करता.

धागाकर्ता : आपण बाराही वर्षे अनिवासी असाल, म्हणून. माझे हे वर्ष तसे नाही.

कोथरूडकर : स्टब बाजूला ठेवा आणि डब्ल्यू-२ वरचा आकडा उचला, तो अधिकृत असतो.

जमाखर्च : अधिकृत असतो, पण २०२४ च्या डब्ल्यू-२ मध्ये फक्त डिसेंबरअखेरपर्यंतचे पगार येतील, आणि ४०१(के) मध्ये पैसे टाकले असतील तर त्याच्या पहिल्या चौकटीतली रक्कम तेवढ्याने कमीही दिसेल.

कंपनीची चूक नाही. YTD जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून २७ डिसेंबरच्या स्टबवरचे १२,००० आणि २१ मार्चचे २४,००० यांची बेरीज करा, तुमचे ३६,००० जुळतात. मात्र YTD चालते Pay Date वर. २३ डिसेंबर ते ५ जानेवारीचे काम १० जानेवारीच्या स्टबवर, म्हणजे नव्या वर्षात मोजले गेले असेल.

रुपयांत आणताना सगळ्यांना एकच दर लावू नका. प्रत्येक पगाराला आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लागतो. मार्चच्या दोन्ही पगारांना २८ फेब्रुवारीचा. क्रेडिटसाठी फॉर्म ६७ भरावा लागेल, पण त्यात फक्त फेडरल आयकर धरा. OASDI आणि Medicare मिळून दर पगाराला ३०६ डॉलर जात असले, तरी सामाजिक सुरक्षेचा कर भारत-अमेरिका करारातून वगळलेला असल्याने ते सोडून द्या. शिवाय कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे; अमेरिकेच्या विवरणपत्रात परतावा मिळाला, तर तेवढे क्रेडिटही घटेल.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते : १७ ते ३० मार्चचे काम ४ एप्रिलच्या स्टबवर आहे. ते कोणत्या वर्षात धरायचे?

कोथरूडकर : पैसे एप्रिलमध्ये आले, म्हणून पुढच्या वर्षात.

जमाखर्च : एवढे सरळ नाही. भारतात पगार देय झाला की करपात्र होतो, मग तो हाती येवो वा न येवो. तो ३० मार्चला देय झाला की ४ एप्रिलला, हे तुमच्या नेमणूकपत्राच्या शब्दांवर ठरेल. तो परिच्छेद वाचल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही.